आधी घड्याळ, मग पडदा

महिला विश्वचषकाचा अंतिम सामना २ नोव्हेंबर २०२५ रोजी, रविवारी, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दुपारी तीनला सुरू व्हायचा होता. पावसाने तो पाचवर ढकलला. षटक मात्र एकही कमी झालं नाही. त्यामुळे भारताच्या २९८ धावांचा पाठलाग करणारा दक्षिण आफ्रिकेचा संघ २४६ वर बाद झाला, तोवर मध्यरात्र होत आली होती. ज्यांनी दुपारी तीन ते रात्री दहा असा हिशेब करून सोसायटीच्या आवारात पडदा लावण्याचं ठरवलं असेल, त्यांचा सगळा बेत दोन तास पुढे सरकला.

सोसायटीच्या बैठकीत पहिला प्रश्न हमखास पडद्याच्या मापाचा निघतो. खरं तर आधी विचारायला हवं ते सामन्याच्या वेळेबद्दल. मोकळ्या आवारात चित्र दिसेल की नाही आणि आवाज कुठवर चालेल, हे दोन्ही घड्याळावरच ठरतं.

चित्राचं घ्या. समजा, दीडशे माणसं बसणार आहेत. त्यांना बारा फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच चित्र पुरतं. सर्वांत मागची खुर्ची चित्राच्या उंचीच्या साधारण सहापट अंतरावर, म्हणजे चाळीस फुटांच्या आत असावी. एवढ्या पडद्यावर चार हजार लुमेनचा, म्हणजे बऱ्यापैकी ताकदीचा प्रोजेक्टर प्रत्येक चौरस मीटरवर पाचशे-साडेपाचशे लुमेन प्रकाश टाकतो. ढगाळ दुपारी सावलीतसुद्धा पडद्यावर पडणारा उजेड याच्या कितीतरी पट असतो. प्रोजेक्टर उजेड टाकू शकतो, काळोख टाकू शकत नाही. चित्रातला काळा रंग म्हणजे उजेड न पडलेला पडदाच, आणि दिवसा तो पांढराच दिसतो. त्या रविवारी सूर्यास्त सहाच्या सुमारास होता. प्रोजेक्टरवर भिस्त ठेवली असती, तर शफाली वर्मा आणि स्मृती मानधना यांच्या शतकी सलामीचा बराचसा भाग धुतल्यासारखा फिका दिसला असता.

दिवसाउजेडी सुरू होणाऱ्या सामन्याला म्हणूनच एलईडी वॉल भाड्याने घ्यावी लागते. तीही मांडववाल्याकडून नेमकी विचारून घ्यावी, कारण लग्नाच्या हॉलमधली वॉल उन्हात फिकी पडते. बाहेरच्या वापराची वॉल जास्त प्रखर असते आणि तिला विजेची भूकही मोठी. बारा फुटी वॉल पूर्ण उजळली की चार ते पाच किलोवॉट सहज खेचते. भिंतीतल्या सोळा अँपिअरच्या एका सॉकेटचं हे काम नव्हे. सोसायटीच्या पॅनेलमधून स्वतंत्र लाइन इलेक्ट्रिशियननेच ओढून द्यावी आणि तिला गळती होताच वीज तोडणारा स्विच असावा. पाऊस येतो म्हणून हे सांगायचं.

क्रिकेटची एक खास अडचण आहे. धावफलकाची पट्टी चित्राच्या अगदी तळाशी असते, आणि पुढच्या रांगेतली डोकी नेमकी तीच झाकतात. चित्राची खालची कड जमिनीपासून साडेचार फुटांवर ठेवावी, मुलांना पुढे सतरंजीवर बसवावं, त्यांच्यामागे खुर्च्या आणि उभं राहणारे सगळ्यांत मागे. भाडेकरी कंपनीची माणसं उंची ठरवताना खुर्च्या मांडलेल्या नसतात, म्हणून एकाला खुर्चीवर बसवून दुसऱ्याला मागून बघायला लावावं.

मग येतात रात्रीचे दहा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो उघड्यावर वाजवता येत नाही. बंद सभागृहाला सवलत आहे, आवाराला नाही. सणांसाठी राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत मुभा देतं, पण अंतिम सामना म्हणजे सण असं फक्त आपल्याला वाटतं. २ नोव्हेंबरच्या रात्री दहा वाजता आफ्रिकेचा डाव ऐन रंगात होता. अशा वेळी दोनच रस्ते उरतात: क्लबहाउसमध्ये दुसरा पडदा आधीपासून तयार ठेवायचा, किंवा आवारातला आवाज बंद करून नुसतं चित्र चालू ठेवायचं. दुसरा रस्ता वाटतो तितका वाईट नाही. धावफलक सगळं सांगतच असतो. फक्त टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओचं समालोचन ऐकण्याची जुन्या पिढीची सवय इथे कामाची नाही. आता चित्र मागे पडतं, रेडिओ बरेचदा पुढे असतो आणि चेंडू पडायच्या आधीच विकेट कळते.

हे मागे पडणं हीच या संध्याकाळची सर्वांत चिडवणारी बाब. मोबाइल अॅपवरून किंवा इंटरनेटवरून येणारं प्रक्षेपण डिशवरच्या चित्रापेक्षा पुष्कळदा वीस-तीस सेकंद उशिरा पोहोचतं. आवारात पडदा अॅपवर चालू आणि तिसऱ्या मजल्यावरच्या घरात डिश, असं असलं की बाल्कनीतून आरोळी आधी येते आणि मग खाली गोलंदाज धावायला लागतो. म्हणून मुख्य चित्र डिशच्या सेट-टॉप बॉक्सवरून घ्यावं आणि इंटरनेट राखीव ठेवावं. मुसळधार पावसात डिशचा सिग्नल जातो, तेव्हा ते उपयोगी पडतं. दोन्हींत किती अंतर आहे हे आदल्या दिवशी कोणत्याही थेट सामन्यावर, पडद्याशेजारी मोबाइल धरून बघता येतं.

आदल्या दिवशीच्या या तपासणीत आणखी एक सापळा सापडतो. खेळाच्या वाहिन्यांवर आणि अॅपवर नक्कल रोखणारं एचडीसीपी नावाचं कुलूप असतं. वॉलचा प्रोसेसर किंवा मधला स्प्लिटर त्याला ओळख पटवू शकला नाही, तर मेनू झकास दिसतो आणि सामना लावला की पडदा काळा. लग्नाचा व्हिडिओ लावून केलेली चाचणी इथे काहीच सांगत नाही. सामना ज्या वाहिनीवर आहे, तीच लावून बघावी. बॉक्स पडद्याजवळ ठेवावा, कारण लांब एचडीएमआय केबलवर चित्र लुकलुकतं. डिशची केबल लांबवणं सोपं. बॉक्स आणि प्रोसेसर छोट्या यूपीएसवर ठेवले, तर वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांसाठी बॉक्स पुन्हा चालू होण्याची दोन-तीन मिनिटं गमवावी लागत नाहीत.

महाविद्यालयांचं गणित थोडं वेगळं आहे. बंद प्रेक्षागृह असेल तर ऊन, पाऊस आणि दहाचा प्रश्न बराचसा मिटतो, पण वसतिगृहाचं फाटक उभं राहतं. १८ डिसेंबर २०२२ चा फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू झाला, आणि जादा वेळ व पेनल्टी धरून साडेअकराच्या सुमारास संपला. साडेदहाची परवानगी घेतलेल्यांना मेस्सीच्या हातातला करंडक खोलीतच बघावा लागला असता. परवानगीच्या अर्जात सामन्याची नेमकी वेळ लिहू नये. जादा वेळ, बक्षीस समारंभ आणि खुर्च्या उचलायला लागणारा तास धरून वेळ मागावी.

पैशांच्या बाबतीत सेक्रेटरींनी एक गोष्ट आधीच स्पष्ट करावी. प्रक्षेपण शुल्क आकारून लोकांना दाखवणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७ नुसार प्रसारकाच्या हक्काचा भंग ठरतो. म्हणून दारात तिकीट नको, प्रवेशाचा पासही विकायला नको. घरगुती डिशच्या जोडणीवर आवारात सामना दाखवायला कंपनीची हरकत आहे का, हेही विचारून ठेवावं. खर्च सभासदांच्या नेहमीच्या सांस्कृतिक निधीतून करावा, आणि वडापावच्या स्टॉलवर वडापावचेच पैसे घ्यावेत. स्थानिक बिल्डरचा फलक पडद्याशेजारी लावायचा मोह अनेकांना होतो. तो लागला की कार्यक्रम घरगुती राहत नाही, आणि मग प्रक्षेपणाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी आधी मागवलेली बरी.