व्हॉल्व्ह उघडतो कुठून? पुशरॉड, एक कॅमशाफ्ट आणि दोन कॅमशाफ्ट

सिल्वासाहून खानवेलकडे जाणाऱ्या चढणीच्या रस्त्यावर जुनी बुलेट, नवी बुलेट आणि डोमिनार या तिन्ही मोटारसायकली पुढेमागे धावताना दिसणे अगदी स्वाभाविक आहे. तिन्ही एकाच सिलेंडरच्या आहेत आणि तिन्हींच्या इंजिनांची क्षमता साडेतीनशे ते पावणेचारशे घनसेंटिमीटरच्या आसपास आहे. तरीही सिलेंडरमध्ये हवा घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडण्याची त्यांची रीत वेगवेगळी आहे. खरेदीच्या वेळी माहितीपत्रकात ‘एसओएचसी’, ‘डीओएचसी’ ही अक्षरे दिसतात, विक्रेता त्यांचा उल्लेख अभिमानाने करतो आणि ग्राहक मान डोलावतो. त्या अक्षरांमुळे गाडीच्या वागण्यात नेमका काय फरक पडतो, हे मात्र बहुधा अनुत्तरितच राहते.

चार फेऱ्यांच्या कोणत्याही इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन वेढे झाले की कॅमशाफ्टचा एक वेढा पूर्ण होतो. कॅमशाफ्टवर अंड्याच्या आकाराचा फुगवटा असतो, त्याला कॅम म्हणतात. फुगवटा वर आला की व्हॉल्व्ह ढकलला जाऊन उघडतो आणि फुगवटा सरकला की स्प्रिंग त्याला पुन्हा बंद करते. म्हणजे कॅम केवळ उघडण्याचे काम करतो; बंद करण्याची सारी जबाबदारी स्प्रिंगवर असते. पुढचे सगळे विवेचन या एका गोष्टीभोवती फिरते.

जुन्या बुलेटमध्ये, म्हणजे 346 घनसेंटिमीटरच्या इंजिनात, कॅम खाली, क्रँकशाफ्टच्या शेजारी असतात आणि दातेरी चाकांनी फिरतात. व्हॉल्व्ह मात्र वर, सिलेंडरच्या माथ्यात. हे अंतर जोडण्यासाठी कॅमवर टॅपेट बसतो, टॅपेटवर पुशरॉड नावाची लांब दांडी उभी राहते, ती वर रॉकरचे एक टोक उचलते आणि रॉकरचे दुसरे टोक झोपाळ्याच्या फळीसारखे खाली येऊन व्हॉल्व्ह दाबते. एसओएचसी रचनेत कॅमशाफ्टच वर, सिलेंडरच्या माथ्यात नेलेला असतो. त्याला फिरवण्यासाठी खालून साखळी येते, पुशरॉड पूर्णपणे नाहीसा होतो, पण रॉकर बहुधा राहतो. डीओएचसीमध्ये वर दोन कॅमशाफ्ट असतात, एक आत घेणाऱ्या व्हॉल्व्हसाठी व दुसरा बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हसाठी. त्यामुळे कॅम व्हॉल्व्हच्या जवळजवळ थेट डोक्यावर बसू शकतो. येथे एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. जुन्या बिडाच्या सिलेंडरच्या बुलेटमध्येही दोन व्हॉल्व्हसाठी दोन स्वतंत्र कॅम-चाके होती. पण ती खाली असल्याने तिला कोणी ‘डबल’ म्हणत नाही; त्या नावात कॅमच्या संख्येइतकेच त्यांच्या स्थानाला महत्त्व आहे.

आता हा फरक आकड्यांत पाहू. जुन्या बुलेटची कमाल शक्ती मिनिटाला 5250 फेऱ्यांवर मिळते. त्या वेळी कॅम मिनिटाला 2625 वेळा फिरतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह एका सेकंदात सुमारे 44 वेळा उघडतो व बंद होतो. व्हॉल्व्ह क्रँकच्या साधारण 250 अंशांइतका वेळ उघडा राहतो असे धरले, तर त्याच्या वाट्याला एका सेकंदाच्या हजार भागांपैकी आठ भाग येतात. तेवढ्यात त्याने उघडायचे, थांबायचे, दिशा बदलायची आणि आसनावर हलकेच टेकायचे असते. डोमिनारच्या डीओएचसी इंजिनाची कमाल शक्ती 8650 फेऱ्यांवर मिळते. तेथे हाच अवधी आठऐवजी पाचांहूनही कमी भागांवर येतो.

हालचाल तीच असेल, तर ती घडवण्यासाठी लागणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 5250 वरून 8650 म्हणजे फेऱ्या सुमारे 1.65 पट, पण बल 2.7 पट. हे वाढीव बल परतीच्या प्रवासात स्प्रिंगलाच पुरवायचे असते, आणि तिला केवळ व्हॉल्व्ह नव्हे, तर रॉकर, पुशरॉड व टॅपेट ही सारी वरातही माघारी आणावी लागते. स्प्रिंग पुरी पडली नाही, तर कॅमचा फुगवटा निघून जातो आणि व्हॉल्व्ह मागे अधांतरी राहतो. अभियंते या अवस्थेला व्हॉल्व्ह तरंगणे असे म्हणतात. इंजिनाची ताकद एकाएकी गळते, माथ्यातून कडकड आवाज येतो आणि दुर्दैवाने पिस्टन वर येण्याच्या क्षणी व्हॉल्व्ह उघडाच असेल, तर दोघांची टक्कर होऊन तो वाकतो.

मग स्प्रिंगच अधिक कडक का करू नये? करता येते, पण तिची किंमत मोजावी लागते. कडक स्प्रिंगमुळे कॅम व टॅपेट यांच्यातील दाब वाढतो, झीज वाढते, घर्षणात शक्ती वाया जाते. शिवाय लांब दांडी अशा दाबाखाली किंचित वाकते आणि सरळ होते. या लवचिकतेमुळे कॅमने आखून दिलेली हालचाल आणि व्हॉल्व्हची प्रत्यक्ष हालचाल यांत तफावत पडू लागते. कडक स्प्रिंग लावण्यापेक्षा भार कमी करणे श्रेयस्कर, हाच कॅमशाफ्ट वर नेण्यामागचा मूळ विचार आहे. याचा अर्थ पुशरॉड वेगाला मुळीच मानवत नाही असा नव्हे. अमेरिकेच्या नासकार शर्यतींतील पुशरॉडची आठ सिलेंडरी इंजिने 9000 हून अधिक फेऱ्यांवर धावलेली आहेत. मात्र तेथे हलक्या धातूचे व्हॉल्व्ह, जाड दांड्या आणि वारंवार बदलल्या जाणाऱ्या स्प्रिंगा असतात. रोज कारखान्यात जाण्या-येण्याच्या गाडीवर असा खर्च कोणी करणार नाही.

एक कॅमशाफ्ट आणि दोन कॅमशाफ्ट यांच्यातील फरक समजून घेण्यासाठी चाकणच्या बजाज कंपनीची डोमिनार 400 हे दुर्मीळ सोयीचे उदाहरण आहे. डिसेंबर 2016 मध्ये ती बाजारात आली तेव्हा तिचे 373 घनसेंटिमीटरचे इंजिन एका कॅमशाफ्टचे व चार व्हॉल्व्हचे होते. 2019 मध्ये त्याच क्षमतेच्या इंजिनाला दोन कॅमशाफ्टचा माथा मिळाला. पहिल्याची शक्ती 8000 फेऱ्यांवर 35 अश्वशक्ती, दुसऱ्याची 8650 फेऱ्यांवर 40. कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचे बल, दोन्हींत 35 न्यूटन-मीटरच राहिले. फक्त ते 6500 ऐवजी 7000 फेऱ्यांवर मिळू लागले. मग पाच अश्वशक्ती आली कुठून? हिशेब केला तर जुने इंजिन 8000 फेऱ्यांवर सुमारे 31 न्यूटन-मीटर देत होते आणि नवे 8650 वरही साडेबत्तीसच्या आसपास देते. म्हणजे नव्या इंजिनाची दमछाक उशिरा सुरू होते. वरच्या फेऱ्यांवरही त्याचा श्वास चालू राहतो, कारण दोन कॅमशाफ्ट असले की व्हॉल्व्हचा कोन आणि हवेचा मार्ग ठरवताना रॉकरसाठी जागा राखण्याचे बंधन सैल होते. बदलाचे सारे श्रेय केवळ कॅमशाफ्टला देता येणार नाही, कारण माथा बदलताना कॅमचा आकार आणि हवेचे मार्गही बदलतात. पण ते बदल शक्य होतात ते या रचनेमुळेच.

आता एका लोकप्रिय समजाकडे वळू. ‘पुशरॉड म्हणजे ओढ, कॅमशाफ्ट वर गेला की ओढ गेली,’ असे बुलेटप्रेमी मंडळी ठामपणे सांगतात. रॉयल एनफिल्डने स्वतःच हा समज खोटा ठरवला आहे. 2020 मध्ये मिटिऑरबरोबर आलेले आणि सप्टेंबर 2023 मध्ये बुलेटमध्येही बसवलेले 349 घनसेंटिमीटरचे इंजिन एका ओव्हरहेड कॅमशाफ्टचे आहे. त्याचा टॉर्क 27 न्यूटन-मीटर, जुन्याचा 28, आणि दोन्ही 4000 फेऱ्यांवरच. शक्तीही दोन्हींची सुमारे वीस अश्वशक्तीच. खानवेलच्या चढावर खालच्या फेऱ्यांत जाणवणारी ओढ पिस्टनचा लांब पल्ला, व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळा आणि जड फ्लायव्हील यांतून येते. पुशरॉडचा तिच्याशी थेट संबंध नाही.

किंबहुना बुलेटच्या संथपणाचे सारे खापर पुशरॉडवर फोडणेही अन्यायाचे होईल. जुन्या बुलेटच्या पिस्टनचा पल्ला 90 मिलिमीटर, डोमिनारचा 60. डोमिनारच्या 8650 फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे 17 मीटर असतो. बुलेट त्याच फेऱ्यांवर नेली, तर तिचा पिस्टन 26 मीटर वेगाने धावेल. एवढा ताण तिच्या क्रँकला व पिस्टनला झेपणारा नाही, मग व्हॉल्व्ह कसेही उघडले तरी.

गाडी सेकंडहँड घेताना मात्र या तिन्ही रचनांची दुखणी वेगवेगळी ऐकू येतात. जुन्या बिडाच्या बुलेटमध्ये टॅपेटची फट हाताने लावावी लागते. इंजिन थंड असताना, पिस्टन दाबाच्या फेरीच्या शिखरावर आणून, उजव्या बाजूचे छोटे झाकण उघडायचे आणि दांडी बोटांनी सहज फिरेल पण वर-खाली हलणार नाही अशी ठेवायची. त्यानंतरच्या पुशरॉड बुलेटमध्ये हायड्रॉलिक टॅपेट आले. ते तेलाच्या दाबाने फट आपोआप भरून काढतात. सकाळी पहिल्या किकला काही क्षण टकटक होऊन थांबली तर चिंता नको. ती थांबत नसेल, तर आधी तेलाची पातळी पाहावी.

ओव्हरहेड कॅमशाफ्टच्या गाडीत लक्ष द्यायचे ते साखळीकडे. झिजून ती लांबली आणि तिला ताणून धरणाऱ्या टेन्शनरची मर्यादा संपली, की साखळीच्या बाजूने डबा हलवल्यासारखा खडखडाट येतो. संथ फेऱ्यांवर तो स्पष्ट असतो आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर पुष्कळदा दबतो. दुर्लक्ष केल्यास व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागे सरकते आणि साखळीने दात ओलांडला तर व्हॉल्व्ह व पिस्टनची गाठ पडू शकते. एका कॅमशाफ्टच्या बऱ्याच गाड्यांत फट रॉकरवरच्या स्क्रूने थोड्या वेळात लावता येते. दोन कॅमशाफ्टच्या अनेक इंजिनांत मात्र व्हॉल्व्हच्या डोक्यावर शिम नावाची मोजलेल्या जाडीची चकती असते. ती बदलायची तर दोन्ही कॅमशाफ्ट उतरवावे लागतात, साखळीच्या खुणा पुन्हा जुळवाव्या लागतात, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत फरक असलेल्या चकत्यांचा संच गॅरेजमध्ये हजर असावा लागतो. मजुरीचा आकडा वाढतो तो यामुळे.

घाट उतरताना घ्यायची एक काळजी तिन्ही रचनांना लागू आहे. आधुनिक गाड्यांतील फेऱ्यांची मर्यादा सांभाळणारी यंत्रणा इंधन किंवा ठिणगी तोडते, पण ती इंजिन स्वतःच्या बळावर फिरत असेल तेव्हाच उपयोगी पडते. वेगात असताना चुकून दोन गिअर खाली पडले, तर मागचे चाकच इंजिनाला फिरवते आणि मर्यादेचा काही इलाज चालत नाही. अशा वेळी सर्वांत आधी स्प्रिंग हार मानते, आणि लांब दांड्यांची वरात ओढणाऱ्या पुशरॉड इंजिनात ती मर्यादा सर्वसाधारणपणे लवकर गाठली जाते.