लाईट गेली तरी आठवण राहते

राहुरीकडच्या शेतात थ्री-फेज लाईट येते ती पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, आणि मधेच गुलही होते. स्टार्टरला ऑटो स्विच असला की लाईट आल्यावर मोटर आपोआप चालू होते. पण चार व्हॉल्व्हवरचं ठिबक असेल तर तेवढ्याने भागत नाही.

आमच्या प्रोजेक्टचंच उदाहरण घ्या. प्रत्येक व्हॉल्व्ह ४५ मिनिटे चालायचा. समजा तिसऱ्याची २० मिनिटे झाली आणि लाईट गेली. कंट्रोलरची रॅम तिथेच पुसली जाते. लाईट आल्यावर तो परत पहिल्यापासून सुरू करतो. पहिल्या वाफ्याला दुप्पट पाणी आणि चौथा कोरडाच!

म्हणून 'व्हॉल्व्ह ३, मिनिटे २०' ही नोंद ईईप्रॉममध्ये ठेवायची. आम्ही वापरलेल्या एटीमेगा ३२८ चिपमध्ये ती १०२४ बाइट्सची आहे आणि वीज गेली तरी पुसत नाही. अडचण एकच: तिची एक जागा साधारण १ लाख वेळा लिहिण्यापुरतीच टिकते. दर सेकंदाला एकाच जागी लिहिलं तर २८ तासांत हिशोब संपला! दर मिनिटाला लिहिलं तर सुमारे ६९ दिवस.

यावर उपाय म्हणजे जागा फिरवायची. आम्ही ५ बाइट्सचे २०० खण केले. प्रत्येकात अनुक्रमांकाचे दोन बाइट्स, मग व्हॉल्व्ह, मिनिटे आणि शेवटी या सगळ्यांची बेरीज, म्हणजे चेकसम. दर मिनिटाची नोंद पुढच्या खणात जाते आणि २०० नंतर परत पहिल्यात. आता तीच मेमरी, रात्रंदिवस लिहिलं तरी, ६९ च्या २०० पट दिवस म्हणजे ३७ वर्षांहून जास्त पुरते. लिहिता लिहिताच लाईट गेली तर त्या खणातली बेरीज जुळत नाही. कंट्रोलर तो खण सोडून त्याच्या आधीचा घेतो. नुकसान फार तर एक-दोन मिनिटांचं.

नोंद सापडली म्हणून लगेच मोटर चालू करायची नाही. आधी तिसरा व्हॉल्व्ह उघडायचा, थोडं थांबायचं आणि मग मोटर. नाहीतर बंद पाइपवर सगळं प्रेशर येतं. आणखी एक गोष्ट. बाजारातले बरेच रिले बोर्ड 'लो' सिग्नलवर चालू होतात. पिन आधी आउटपुट केली तर ती क्षणभर 'लो' राहते आणि रिले उगाच टक्‌ करतो. म्हणून हा क्रम ठेवा:

```
digitalWrite(PUMP, HIGH);
pinMode(PUMP, OUTPUT);
```

लाईट डळमळीत असताना चिपला व्होल्टेज कमी मिळतं आणि ईईप्रॉममध्ये भलतंच काही लिहिलं जाऊ शकतं. त्यासाठी चिपमधला ब्राउन-आउट डिटेक्टर चालू ठेवावा. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की तो चिपला रिसेटमध्येच धरून ठेवतो.

तपासणी सोपी आहे. मोटरच्या जागी बल्ब लावा, प्रत्येक व्हॉल्व्ह चालू असताना प्लग काढा, परत लावा आणि मिनिटे जुळतात का ते पाहा. पन्नास वेळा जुळली, की मग शेतात न्या.