गॅदरिंगचा व्हिडिओ टाकण्यापूर्वी

डिसेंबर-जानेवारीत शाळाशाळांतून स्नेहसंमेलनं होतात आणि त्या रात्री पालकांचे फोन व्हिडिओंनी भरून जातात. पुढचं सगळं समजून घेण्यासाठी असाच एक नमुना डोळ्यांसमोर ठेवू. तिसरीतल्या मुलीचा लावणीवरचा गटनाच, लांबी साधारण तीन मिनिटं. आई-बाबा पुण्यात, आजोबा रत्नागिरीला, मामा दुबईत. सगळ्यांनी नाच पाहावा, एवढीच आईबाबांची इच्छा आहे. त्यासाठी व्हिडिओ कुठे टाकायचा आणि टाकण्याआधी त्यात काय बदलायचं?

आधी धोका नेमका कसा तयार होतो ते पाहू. नाचणाऱ्या मुलीचा नुसता चेहरा अनोळखी माणसाला फारसं काही सांगत नाही. नुसतं शाळेचं नावही फारसं सांगत नाही. पण चेहरा, नाव, शाळा, तुकडी आणि घरी जायची वेळ या गोष्टी एकाच जागी मिळाल्या, की ते मूल शोधता येतं. शिवाय ‘मी तुझ्या बाबांचा मित्र’ असं म्हणत त्याच्याशी ओळखीच्या माणसासारखं बोलताही येतं. म्हणून आपलं काम ही जुळणी तोडण्याचं आहे.

व्हिडिओ तीनदा तपासा

पहिल्यांदा आवाज बंद करून, दर काही सेकंदांनी थांबवत पाहा. नजर मुलीवर नको, चौकटीच्या कडांवर हवी. आपल्या नमुन्यात रंगमंचामागे फलक आहे. त्यावर संस्थेचं आणि शाळेचं नाव आहे, सालही आहे. शेवटी मुलगी आईकडे धावत येते तेव्हा गळ्यातलं ओळखपत्र कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येतं. त्यावर तिचं पूर्ण नाव, तुकडी आणि आईचा मोबाइल नंबर आहे. व्हिडिओ थांबवून मोठा केला तर तो सहज वाचता येतो. मागे शाळेची व्हॅन उभी आहे, तिचा नंबरही दिसतो.

दुसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐका. निवेदक सांगतो, ‘आता सादर करत आहेत इयत्ता तिसरी ब’. मग आई नावानं हाक मारते. शेवटी कुणीतरी विचारतं, ‘उद्या व्हॅन सातलाच येणार ना?’ चेहरा कितीही झाकला तरी हे शब्द तसेच राहतात.

तिसऱ्यांदा मथळा, हॅशटॅग आणि ठिकाणाची खूण तपासा. पडद्यावर पुसलेलं शाळेचं नाव आपणच हॅशटॅगमध्ये लिहून टाकतो, असं फार वेळा होतं.

यावरचा उपाय साधा आहे. सुरुवातीचं निवेदन आणि शेवटचं धावत येणं कापून टाका. मधला दीड मिनिटाचा नाच ठेवा, तसाही नातेवाइकांना तोच पाहायचा असतो. फलक वरच्या भागात असेल तर चौकट खाली ओढून तो बाहेर काढा. मूळ आवाज काढून त्याच गाण्याचा आवाज लावला तर हाका आणि गप्पा जातात. ठिकाणाची खूण द्यायचीच असेल तर शहरापलीकडे जाऊ नका. कार्यक्रम चालू असताना थेट प्रक्षेपण तर नकोच, कारण मूल या क्षणी कुठे आहे हे त्यातून कळतं.

आणखी एक गोष्ट पडद्यावर दिसत नाही. कॅमेऱ्यात ठिकाण नोंदवायची सोय चालू असेल तर व्हिडिओच्या फाइलमध्येच जागेचे अक्षांश-रेखांश साठतात. व्हॉट्सॲपवर फाइल ‘Document’ म्हणून पाठवली तर ती जशीच्या तशी जाते, आणि ही नोंदही तिच्याबरोबर जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ही सोय बंद करता येते. आयफोनवर फाइल शेअर करताना वर ‘Options’ दिसतं, तिथे ‘Location’ बंद करा.

चेहरे

आपल्या नाचात बारा मुली आहेत. स्वतःच्या मुलीबद्दल आईबाबा ठरवू शकतात, उरलेल्या अकरांबद्दल नाही. त्या पालकांना विचारा. उत्तर आलं नाही तर ते नाही समजा आणि ते चेहरे धूसर करा. स्वतःच्या मुलीलाही विचारा. आपल्याला कुणी पाहावं आणि कुणी पाहू नये याबद्दल आठ वर्षांच्या मुलीचंही ठाम मत असतं.

चेहरा धूसर करण्याची सोय संगणकावरच्या यूट्यूब स्टुडिओत आहे. व्हिडिओ उघडून ‘Editor’ मध्ये जा, ‘Blur’ आणि मग ‘Face blur’ निवडा. यूट्यूब सापडलेल्या चेहऱ्यांची यादी दाखवतं. हवे ते निवडून जतन करा. इथे एक मेख आहे. धूसर केलेली आवृत्ती तयार होईपर्यंत प्रेक्षकांना जुनीच दिसत राहते. म्हणून व्हिडिओ आधी ‘Private’ ठेवून चढवा, काम पूर्ण झाल्यावर पुन्हा पूर्ण पाहा आणि मगच पुढचा निर्णय घ्या. त्याहून बरं म्हणजे फोनवरच्या संपादन ॲपमध्ये चेहरे झाकून मग चढवणं. मग उघडा चेहरा फोनबाहेर जातच नाही.

नाचाच्या व्हिडिओत हे काम हमखास कुठे ना कुठे चुकतं. मुलगी गिरकी घेते, चेहरा क्षणभर बाजूला वळतो आणि पुन्हा समोर येतो तेव्हा धूसर ठिपका मागे राहिलेला असतो. चिकटवलेल्या इमोजीचंही तसंच होतं. म्हणून झाकलेला व्हिडिओ निम्म्या वेगानं एकदा पाहा. एका चौकटीत जरी चेहरा उघडा राहिला तरी त्या क्षणी व्हिडिओ थांबवून तो टिपता येतो. मुखपृष्ठाचं चित्र वेगळं तपासा. ते मूळ व्हिडिओतून घेतलं असेल तर सगळी मेहनत तिथेच वाया जाते.

कोण पाहणार

यूट्यूबवर तीन पर्याय असतात. ‘Public’ म्हणजे कुणीही शोधून पाहू शकतो. ‘Unlisted’ म्हणजे शोधात दिसत नाही, पण दुवा ज्याच्या हाती पडेल तो पाहू शकतो आणि पुढेही पाठवू शकतो. पुष्कळ पालकांना हा पर्याय खाजगी वाटतो, पण तो तसा नाही. नातेवाइकांच्या गटात टाकलेला दुवा कुणी कौतुकानं सोसायटीच्या गटात ढकलला, किंवा आपल्या सार्वजनिक प्लेलिस्टमध्ये जोडला, की तो परक्यांपर्यंत पोचतो. ‘Private’ मध्ये आपण ई-मेल पत्ते देतो आणि तेवढेच लोक आपल्या गूगल खात्यातून पाहू शकतात. ही मर्यादा पन्नास जणांची आहे. घरच्यांसाठी ती पुरते.

म्हणजे मामासाठी आणि दूरच्या भावंडांसाठी ‘Private’. आजोबांचं ई-मेल खातं नसेल तर त्यांना व्हॉट्सॲपवर थेट पाठवा, मोठ्या गटात नको. व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवायचं असेल तर ‘Only share with…’ निवडून माणसं नेमा. तसं केलं नाही तर फोनबुकात असलेल्या प्लंबरपासून जुन्या घरमालकापर्यंत कुणालाही ते दिसू शकतं. इन्स्टाग्रामवर खातं खाजगी केलं तरी आधीचे फॉलोअर तसेच राहतात. त्यामुळे यादी उघडून ओळखीचं नसलेलं प्रत्येक नाव काढावं लागतं. काढल्याची सूचना त्या व्यक्तीला जात नाही.

या कुलपांची एक मर्यादा मात्र आहे. ज्याला पाहायची परवानगी आहे तो पडद्याचं चित्रण करू शकतो. म्हणूनच तीनदा तपासण्याचं काम आधी करायचं. नमुन्यातला व्हिडिओ कुणी पुढे ढकललाच, तर त्यात शाळा, नाव आणि फोन नंबर तरी नसतील.

प्रतिक्रिया आणि आकडे

व्हिडिओ सार्वजनिक ठेवला तर काय होऊ शकतं, हे 2019 मध्ये जगासमोर आलं. मुलांच्या साध्या घरगुती व्हिडिओंखाली काही जण फक्त वेळ लिहीत होते, उदाहरणार्थ 1:12. ज्या क्षणी खेळताना मुलाचे कपडे सरकलेत तो क्षण इतरांना दाखवण्याची ती खूण होती. त्यानंतर यूट्यूबनं लहान मुलं असलेल्या बहुतेक व्हिडिओंखालच्या प्रतिक्रिया बंद केल्या. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सनं ब्राझीलमधल्या एका दहा वर्षांच्या मुलीचं उदाहरण छापलं. मैत्रिणीबरोबर घरच्या जलतरण तलावात खेळतानाचा तिचा व्हिडिओ थोड्याच काळात सुमारे चार लाख वेळा पाहिला गेला होता. यूट्यूबची शिफारस यंत्रणा तो अशा प्रेक्षकांपुढे नेत होती, जे मुलांचे तसेच व्हिडिओ आधी पाहत होते.

यातून दोन गोष्टी करायच्या. पहिली, यंत्रणेवर न विसंबता प्रतिक्रिया स्वतः बंद करा. यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओच्या तपशिलात ‘Comments’ खाली ‘Off’ आहे. इन्स्टाग्रामवर पोस्टच्या तीन ठिपक्यांत ‘Turn off commenting’ मिळतं. दुसरी, आकड्यांवर लक्ष ठेवा. घरगुती व्हिडिओ अचानक हजारो लोक पाहू लागले, तर स्टुडिओच्या ‘Analytics’ मध्ये प्रेक्षक कुठून आले ते पाहा. ते ‘Suggested videos’ मधून येत असतील तर नातेवाईक नक्कीच नाहीत. व्हिडिओ लगेच ‘Private’ करा.

प्रतिक्रिया चालू असतील तर नुसते आकडे, कपड्यांवरचे शेरे, ‘किड्स मॉडेलिंगसाठी इनबॉक्स करा’ अशी आमंत्रणं आणि ‘कुठल्या शाळेत आहे?’ असा गोड प्रश्न या धोक्याच्या खुणा समजा. उत्तर देऊ नका. त्या खात्याचा पत्ता आणि प्रतिक्रियेचा स्क्रीनशॉट घ्या, तक्रार करा आणि मग प्रतिक्रिया काढा.

हाताबाहेर गेलंच तर

व्हिडिओची नक्कल दुसऱ्या खात्यावर दिसली, तर घाईनं आपलं मूळ पुसू नका, ते ‘Private’ करा. मूळ आपलं होतं हे दाखवायला ते लागतं. नकलेचा दुवा, खात्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा, आणि त्या ॲपवर खाजगीपणाच्या भंगाची तक्रार करा. चित्र अश्लील केलेलं असेल तर ते पुरावा म्हणूनसुद्धा गटात फिरवू नका. मुलांचं असं चित्र पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 67 ब कलमाखाली गुन्हा आहे. फक्त दुवा देऊन cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. तिथे महिला आणि बालकांवरच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे आणि नाव न देताही तक्रार करता येते. 1930 या क्रमांकावर सायबर गुन्ह्यांसाठी आणि 1098 वर मुलांसाठी मदत मिळते.

शाळा स्वतःच्या पानावर हाच नाच टाकणार असेल, तर वरची सगळी तपासणी तिलाही लागू होते. आपल्या मुलीचा चेहरा आणि नाव एकत्र देऊ नये, असं मुख्याध्यापकांना लेखी कळवा. तेही गॅदरिंगच्या आधी, कारण एकदा बाहेर गेलेल्या व्हिडिओची प्रत्येक नक्कल परत मागता येत नाही.