पडद्यावरची उडी

कागदावर रेखाटलेल्या आकृतीला वजन नसते. परंतु पडद्यावर तीच आकृती उडी मारून खाली आली, म्हणजे तिला वजन आहे असे पाहणाऱ्यास वाटले पाहिजे. हा भास निर्माण करणे ही व्यंगचित्रपटाच्या कलेतील एक मोठी कसोटी होय. १९५६ साली मुंबईस भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगचित्रपटांचा विभाग सुरू झाला. तेथील तरुण चित्रकारांना शिकविण्यासाठी वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स आले होते. पुढील वर्षी या विभागाचा 'द बॅनियन डिअर' हा हरणांचा चित्रपट तयार झाला. हरिण असो की माणूस, त्याची उडी रेखाटताना चित्रकाराला एकच प्रश्न सोडवावा लागतो : कोणत्या क्षणी शरीर कोठे असेल?

समजा, लातूर जिल्ह्यातील किल्लारी गावच्या काळ्या रानात एक मुलगा उभ्याने उडी मारून चर ओलांडीत आहे, असे दृश्य दाखवावयाचे आहे. चित्रपटात दर सेकंदाला २४ चौकटी डोळ्यांपुढून सरकतात. एक चित्र दोन चौकटी ठेवले, तर सेकंदास १२ चित्रे पुरतात. मुलगा अर्धा सेकंद हवेत राहणार असेल, तर त्या उड्डाणाचे सहा टप्पे होतात : तीन वर जाण्याचे आणि तीन खाली येण्याचे.

चित्रकार प्रथम मुलाच्या कमरेची जागा बिंदूने दाखवितो. कारण शरीराचा भार कमरेच्या आसपास तोललेला असतो. पाव सेकंदात कंबर सुमारे ३१ सेंटिमीटर वर जाते. या उंचीचे नऊ समान भाग केले, तर पहिल्या टप्प्यात पाच भाग, दुसऱ्यात तीन आणि तिसऱ्यात केवळ एकच भाग चढला जातो. कारण पृथ्वी त्याला क्षणोक्षणी खाली ओढीत असते. उतरताना हाच क्रम उलटा होतो : एक, तीन, पाच. कागदावर एक भाग पाच मिलिमीटरांचा धरला, तर ही अंतरे पाच, पंधरा व पंचवीस मिलिमीटर होतात. आडव्या दिशेने मात्र त्याला ओढणारे किंवा अडविणारे काही नसल्याने प्रत्येक टप्प्यात तो सारखाच पुढे सरकतो. हे बिंदू जोडले की कमानीसारखी रेषा मिळते.

या कमानीच्या माथ्याजवळ दोन बिंदू अगदी लहान अंतरावर येतात. उड्डाणाचा एकतृतीयांश वेळ मुलगा सर्वांत वरच्या नवव्या भागातच असतो. म्हणून तो क्षणभर हवेत तरंगल्यासारखा भासतो. कित्येक चित्रकार तेथे एखादे चित्र मुद्दाम वाढवितात. पण फार वाढविल्यास मुलगा खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. उलट सर्व अंतरे सारखी ठेवली, तर त्याला कोणी दोरीने ओढीत आहे असे वाटते.

उड्डाणापूर्वी दबणे हवे. उभ्या पायांना जमीन रेटता येत नाही. गुडघे वाकल्यावरच त्यांना रेटण्यास अंतर मिळते. म्हणून मुलगा आठदहा चौकटींत सावकाश खाली दबतो आणि मग तीन टप्प्यांत कंबर एक, तीन, पाच अशा वाढत्या भागांनी उसळते. जमिनीवरील शेवटच्या चित्रात शरीर ताणलेले असून केवळ बोटे भुईला टेकलेली असतात.

भुईवर उतरताना खरी परीक्षा होते. पाय टेकतात तेव्हा कमरेचा वेग सर्वाधिक असतो. तेथेच ती एकाएकी थांबविली, तर मुलगा लाकडी बाहुलीसारखा दिसतो. प्रत्यक्षातही तसे थांबणे अपायकारक होय. ३१ सेंटिमीटर खाली आलेले शरीर गुडघे वाकवून तितक्याच अंतरात थांबविले, तर पायांवर सरासरीने वजनाच्या दुप्पट भार येतो. तेच तीन सेंटिमीटरांत थांबविले, तर सुमारे अकरापट येतो. म्हणून पाय टेकल्यावर कंबर आणखी तीन टप्पे खाली जाते. पण आता पाच, तीन, एक अशी घटत जाणारी अंतरे घेत. डोके आणि हात किंचित मागाहून खाली येतात. मग मुलगा सावकाश उभा राहतो.

चित्रे पुरी झाली की त्यांची चळत बोटांनी भराभर उलटून पाहतात. उडी खोटी वाटली, तर चित्रकार प्रथम मुलाचा चेहरा किंवा कपडे सुधारीत नाही. तो कमरेचे बिंदू पुन्हा मोजतो. आज पुष्कळशी चित्रे संगणकावर तयार होतात. तरी उडीतील एक, तीन, पाच हा हिशेब तोच राहिला आहे.