मळणी यंत्र घेताय? आधी बारा महिन्यांची वही मांडा

मळणी यंत्र घेऊन गावात भाड्याने चालवायचे, म्हणून पुष्कळ तरुण चौकशीला येतात. पहिला प्रश्न असतो अनुदानाचा, दुसरा कर्जाचा. नोव्हेंबरात डिझेलला पैसे कुठून आणायचे, हे मात्र कोणी विचारत नाही. धंदा अडतो तो नेमका तिथे.

समजा, घरचा ट्रॅक्टर आहे. तुम्ही सप्टेंबरअखेर 2 लाख 40 हजारांचे यंत्र घेतले. 60 हजार स्वतःचे घातले, 1 लाख 80 हजार कर्ज काढले. यंत्र घेऊन हातात 30 हजार उरले. आता एक मोठी वही घ्या आणि ऑक्टोबर ते सप्टेंबर अशा बारा ओळी आखा. रकाने पाचच ठेवा : महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक, हातात येणारे पैसे, धंद्याचा खर्च, घरखर्च व हप्ता, आणि अखेरची शिल्लक.

आधी कामाचा अंदाज. ऑक्टोबरात सोयाबीनची गर्दी असते. पण पाऊस, ओला माल आणि यंत्र या शेतातून त्या शेतात नेण्यात जाणारा वेळ वजा केला, तर पूर्ण भरीचे दहाच दिवस धरा. दिवसाला 50 प्रमाणे 500 क्विंटल. नोव्हेंबरात 200, जानेवारीत तूर 150, फेब्रुवारीत 200, मार्चमध्ये हरभरा-गहू 350, एप्रिलमध्ये 200. बाकीचे महिने कोरडे. वर्षाचे 1600 क्विंटल झाले. गावात चालतो तो दर घाला. इथे आपण क्विंटलला 200 रुपये धरू. डिझेल व मजुरी मिळून 90 रुपये.

वर्षाचे काम 3 लाख 20 हजारांचे, डिझेल-मजुरी 1 लाख 44 हजार. हे पाहून माणूस खूष होतो. पण काम झाले म्हणजे पैसे आले असे नाही. शेतकरी सोयाबीन विकल्याशिवाय पैसे देत नाही, आणि भाव नसला तर माल घरात ठेवतो. मजूर मात्र संध्याकाळी हात पुढे करतो. म्हणून दुसऱ्या रकान्यात केलेले काम लिहू नका, फक्त हातात पडणारे पैसे लिहा.

निम्मे रोख आणि निम्मे दोन महिन्यांनी, असे धरून पाहू. ऑक्टोबरात 50 हजार आले, 45 हजार डिझेल-मजुरीला आणि 6 हजार घरी गेले. शिल्लक 29 हजार. नोव्हेंबरात 20 हजार आले, 24 हजार गेले. शिल्लक 25 हजार. डिसेंबरात उधारी वसूल झाली की 69 हजार होतात. इथपर्यंत ठीक.

आता रोख निम्म्याऐवजी पावच मिळाली तर? ऑक्टोबरअखेर 4 हजार उरतात आणि नोव्हेंबरात 10 हजार कमी पडतात. लोकांकडे 1 लाख 5 हजार येणे आहे, दारात बोलावणी आहेत, आणि टाकी रिकामी! शेवटच्या रकान्यातला सर्वांत लहान आकडा म्हणूनच नीट पाहा. तो शून्याखाली गेला, तर तेवढी रक्कम आणि वर थोडी, आधीच बाजूला ठेवायला हवी. सोपा उपाय म्हणजे डिझेल-मजुरीचे 90 रुपये खळ्यावरच घ्यायचे आणि उधारी फक्त वरच्या 110 रुपयांची ठेवायची. हे यंत्र सुरू करण्याआधी बोलून घ्या. नंतर बोलले की वाईटपणा येतो.

दुसरी फसगत जूनमधली. कर्ज तीन वर्षांचे, सहामाही हप्ते आणि व्याज 12 टक्के धरले, तर मार्चचा हप्ता सुमारे 41 हजार व सप्टेंबरचा 39 हजार येतो. निम्म्या रोखीच्या हिशेबाने मार्चचा हप्ता भरूनही जूनअखेर हातात 1 लाख 11 हजार दिसतात. खत घ्यावे, लग्नात खर्च करावा, असे वाटते. पण पुढचे तीन महिने आवक शून्य. घरखर्च 18 हजार, सप्टेंबरचा हप्ता 39 हजार आणि सुगीआधी पट्टे, बेअरिंग, दुरुस्ती 20 हजार. हे वजा जाता तुमचे फक्त 34 हजार. ऑक्टोबरात पावसाने 200 क्विंटल काम बुडाले तर 12 हजारच. कर्ज मंजूर होतानाच दुसरा हप्ता जूनमध्ये बसवता येईल का, हे बँकेत विचारा.

तक्ता मांडून वही माळ्यावर टाकू नका. दर महिनाअखेर अंदाजाशेजारी खरा आकडा लाल शाईने लिहा. काम अंदाजाइतके झाले आणि शिल्लक मात्र कमी असली, तर पैसे उधारीत अडकले आहेत असे समजा. कोणाकडे किती, ती यादी घेऊन बाजाराच्या दिवशीच बाहेर पडा. कामच कमी झाले असेल, तर पुढच्या महिन्यांचे आकडे त्याच दिवशी खाली आणा आणि सप्टेंबरचा हप्ता बसतो का, ते पुन्हा पाहा.