वादळाआधीच सैल झालेलं झाड

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेलं. कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला. उपनगरातल्या एका सोसायटीत आवारातला जुना गुलमोहर दुपारी मुळासकट कोसळला आणि खाली उभ्या असलेल्या तीन गाड्या दबल्या. दोष सगळ्यांनी वाऱ्याला दिला.

अग्निशमन दलाने फांद्या कापून बाजूला केल्यावर उपटलेला बुंधा नीट दिसला. गुलमोहराची मुळं फार खोल जात नाहीत, ती आडवी पसरतात. इथे एका बाजूची मुळं सरळ रेषेत तुटलेली होती आणि तुटलेली टोकं काळी पडून कुजली होती. त्या बाजूने पूर्वी पाइपलाइनसाठी चर खणला गेला होता. उरलेल्या बाजूंना पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवलेले. वाऱ्याच्या दिशेची मुळं झाडाला दोरासारखी ताणून धरतात. नेमकी तीच गेली, वर माती पावसाने भिजली, मग शेंड्याच्या भाराला आवरणार कोण?

गाडीमालकांचं काय झालं? एकाकडे फक्त थर्ड पार्टी विमा होता; स्वतःच्या गाडीचं नुकसान त्यात धरत नाहीत, त्यामुळे त्याला काहीच मिळालं नाही. दुसऱ्याची गाडी साडेतीन वर्षांची, विमा सर्वसमावेशक. वादळाने झालेलं नुकसान त्यात येतं, पण घसारा वजा होतो: या वयाच्या गाडीच्या पत्र्यावर २५ टक्के, प्लॅस्टिकवर ५०, काचेवर शून्य. टप आणि बॉनेटचे ४० हजार, बंपरचे ८ हजार धरले, तर त्याच्या खिशातून १० आणि ४ मिळून १४ हजार गेले. त्यावर सक्तीचे १ हजार. रंग आणि मजुरी वेगळी. तिसऱ्याने घसारा माफीची जोड घेतली होती, त्यामुळे त्याचा हा भार बराच हलका झाला. तिघांपैकी ज्यांनी दावा केला, त्यांनी गाडी हलवण्याआधी फोटो काढून कंपनीला कळवलं होतं. सर्व्हेअरला झाड गाडीवर पडलेलं दाखवता आलं, की वाद कमी होतो.

सोसायटीच्या आवारातलं झाड छाटायचं तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते, म्हणून अर्ज पावसाळ्याआधी पुरेसे दिवस हाती ठेवून करावा. झाड अचानक कलू लागलं, बुंध्यालगतची जमीन एका बाजूने फुगली किंवा तिला भेग पडली, बुंध्यापाशी अळंब्या उगवल्या, तर लगेच उद्यान विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या. पुढे नुकसान झालं, तर कमिटीने वेळेवर काय केलं, हे त्याच कागदावरून ठरतं. आणि खोदकाम करणाऱ्या कंत्राटदाराला चर झाडापासून दूर घ्यायला सांगा. एकदा तोडलेलं जाड मूळ पुन्हा जोडता येत नाही.