गज किती, आणि कोणत्या बाजूला?

फुटिंगच्या ड्रॉइंगवर एका ओळीत सगळं उरकलेलं असतं: १० मिमीचे गज, १५० सी/सी, दोन्ही बाजूंनी, कव्हर ५०. म्हणजे एका गजाच्या मध्यापासून शेजारच्या गजाच्या मध्यापर्यंत १५० मिलिमीटर अंतर, आणि जाळीच्या कडेबाहेर ५० मिलिमीटर काँक्रीट. गज एकूण किती लागतील, हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं. ते साइटवर फिटर ठरवतो, त्या आकड्यावर लोखंड कापलं जातं, आणि घरमालक खड्ड्यापाशी उभा राहून जाळी दाट दिसते म्हणून खूश होतो.

ही जाळी फुटिंगच्या तळाशी असते, कारण ताण तिथेच येतो. कॉलम वरून दाबतो, जमीन खालून उलट दाबते, आणि कॉलमच्या चारी बाजूंना बाहेर आलेला फुटिंगचा भाग वरच्या दिशेने वाकू पाहतो. तेव्हा काँक्रीट खालच्या अंगाला ताणलं जातं, आणि ताण सोसणं काही काँक्रीटचं काम नव्हे. म्हणून गज. फुटिंग दोन्ही दिशांनी वाकतं, म्हणून गजही आडवे आणि उभे, दोन थरांत.

आधी सोपा, चौरस खड्डा घेऊ. फुटिंग दीड मीटर बाय दीड मीटर, म्हणजे १५०० मिमी. दोन्ही कडांचं कव्हर वजा केलं की १४०० उरले. कव्हर गजाच्या बाहेरच्या अंगापर्यंत मोजतात आणि सी/सी अंतर गजाच्या मध्यापासून, त्यामुळे एका गजाची जाडी आणखी वजा करायची: १३९०. हे झालं पहिल्या गजाच्या मध्यापासून शेवटच्या गजाच्या मध्यापर्यंतचं अंतर. त्याला १५० ने भागलं की ९.२७ येतात.

चुका इथूनच सुरू होतात. ९.२७ हा गजांचा आकडा नाही, गाळ्यांचा आहे. हाताला बोटं पाच, पण बोटांमधल्या फटी चारच. तसे गज नेहमी गाळ्यांपेक्षा एकाने जास्त. शिवाय सव्वानऊ गाळे करता येत नाहीत. नऊ केले तर प्रत्येक गाळा १५४ मिमीचा होतो, म्हणजे ड्रॉइंगवरच्या अंतरापेक्षा मोठा. १५० ही वरची मर्यादा समजायची, म्हणून आकडा वरच न्यायचा: दहा गाळे, अकरा गज. मग १३९० ला दहाने भागायचं आणि गज १३९ मिमीवर समान बसवायचे. एका कडेपासून १५० मोजत जायचं आणि शेवटी उरेल तो तुकडा तसाच सोडायचा, ही साइटवरची पद्धत सोयीची खरी, पण त्यात एका बाजूचा शेवटचा गज कडेपासून लांब राहतो.

घाईघाईत ९.२७ चे सरळ नऊ गज धरले, तर गाळे आठच होतात आणि अंतर १७४ मिमीवर जातं. नुसत्या नजरेला हा फरक कळत नाही. टेप लावला तरच कळतो.

आता तेच फुटिंग, तेच अंतर, पण कव्हर ७५. भारतीय मानक आयएस ४५६ फुटिंगला किमान ५० मिमी कव्हर सांगतं. काँक्रीट थेट मातीला लागून ओतायचं असेल तर काही डिझायनर ७५ देतात, कारण खड्ड्याच्या भिंती कधीच सरळ नसतात आणि ओल थेट पोहोचते. ओल गजापर्यंत गेली की गंज चढतो, गंज फुगतो आणि काँक्रीट आतून तडकतं. हिशेब असा: १५०० मधून १५० आणि १० गेले, उरले १३४०. भागिले १५०, म्हणजे ८.९३. नऊ गाळे, दहा गज. एक गज कमी झाला, आणि तो योग्यच कमी झाला. म्हणून शेजारच्या बंगल्यावर अकरा टाकले होते म्हणून इथेही अकराच, हा हिशेब नव्हे. आणि हे सगळं कडेच्या कव्हरबद्दल आहे. तळाचं कव्हर गजांची संख्या बदलत नाही, पण जाळी किती उंचीवर बसते ते ठरवतं, आणि ते कव्हर ब्लॉकनेच राखायचं. खडी किंवा विटेचा तुकडा जाळीखाली सारणं ही वाईट सवय आहे.

खरी फसगत होते ती लांबट फुटिंगमध्ये. समजा रुंदी १५०० आणि लांबी २१००, कव्हर ५०. लांब बाजूला समांतर जाणारे गज मांडायचे कुठे? रुंदीवर. म्हणून त्यांची संख्या रुंदीवरून निघते: वर आली तीच, अकरा. प्रत्येकाची लांबी टोकाची वळणं सोडून २००० मिमी. आखूड बाजूला समांतर जाणारे गज लांबीवर पसरतात: २१०० मधून १०० आणि १० वजा, १९९० भागिले १५०, १३.२७, म्हणजे चौदा गाळे आणि पंधरा गज. प्रत्येकी १४०० मिमी.

गज ज्या दिशेने धावतो त्या दिशेचं माप घेऊन त्याची संख्या काढली की सगळं उलटं होतं: लांब गज पंधरा, आखूड अकरा. गंमत म्हणजे दोन्ही वेळी बेरीज सव्वीसच येते. त्यामुळे एकूण गज मोजणाऱ्याला चूक सापडत नाही. वजन करणाऱ्यालाही नाही, उलट वजन वाढतं. बरोबर जाळीत ४३ मीटर लोखंड लागतं, उलट्या जाळीत ४५.४. जास्त पैसे मोजून आपण लांब दिशेला गरज नसताना ९९ मिमीवर गज टाकतो, आणि आखूड दिशेला ते १९९ मिमीवर विरळ पडतात. म्हणजे त्या दिशेचं लोखंड पंधराचं अकरावर आलं.

लांबट फुटिंगमध्ये अजून एक गोष्ट आहे. कॉलमच्या आसपास ताण जास्त असतो, म्हणून आयएस ४५६ नुसार आखूड गजांपैकी मोठा हिस्सा मधल्या पट्ट्यात, फुटिंगच्या रुंदीइतक्या भागात, ठेवावा लागतो. आपल्या मापांना तो हिस्सा सुमारे ८३ टक्के येतो: पंधरापैकी तेरा. अशा वेळी वरचं साधं सूत्र पुरत नाही. ड्रॉइंगवर मधला पट्टा वेगळा दाखवला असेल तर तोच पाळायचा. दाखवला नसेल तर गज समान टाकायचे का, हे फिटरला नव्हे, इंजिनिअरला विचारायचं.

तपासायला टेप पुरतो, फक्त जाळी बांधून झाल्यावर आणि काँक्रीट येण्याआधी. एखादा गाळा मोजून समाधान मानू नका, कारण फिटर दाखवेल तो गाळा बरोबरच असतो. पहिल्या गजाच्या मध्यापासून शेवटच्याच्या मध्यापर्यंत टेप धरा, मधले गाळे मोजा आणि भागाकार करा. नंतर दुसऱ्या दिशेने तेच करा. दोन्ही उत्तरं १५० किंवा त्याहून कमी आली पाहिजेत. एक शंभराच्या आसपास आणि दुसरं दोनशेच्या आसपास आलं, तर गज उलट पडलेत. जाळी सोडून पुन्हा बांधायला सांगा, मगच मिक्सर सुरू करू द्या.